तापाची वेळ सांगणारं पत्र

‘बुधवार, दिनांक 13 ऑगस्ट 2025 रोजी सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत आपल्या अंगणवाडीत लसीकरण आहे. ज्या बाळांना दीड महिना पूर्ण झाला आहे त्यांचा पहिला डोस, ज्यांना पहिला डोस घेऊन 28 दिवस झाले आहेत त्यांचा दुसरा किंवा तिसरा डोस आणि नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळांची गोवर-रुबेलाची लस त्या दिवशी दिली जाईल. येताना लसीचं कार्ड आणावं. बाळाला सैल कपडे घालावेत. अंगावर पाजून आणलं तरी चालतं, लस दिल्यावर लगेच पाजलं तरी चालतं. लस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं आहे, तेवढा वेळ हातात ठेवून यावं.’

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या एखाद्या गावात आशाताई घरोघरी देते ते पत्र असं सुरू होतं. इथपर्यंतचा मजकूर दवंडीतही सांगता आला असता. पत्राचं खरं काम पुढच्या भागात आहे, कारण तिथे ती लसीनंतर काय होईल, कधी होईल आणि किती दिवस राहील ते आधीच लिहून टाकते. घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना ठाऊक असतं की दुसऱ्या डोसला न येणाऱ्या घरात बहुतेक वेळा पहिल्या डोसच्या रात्री बाळ तापलेलं असतं. तो ताप येणार हे त्या घराला कुणी सांगितलेलं नसतं. मग सासू म्हणते, चांगलं खेळतं पोर सुई देऊन आजारी पाडलं, आणि सुनेला त्यावर उत्तर सुचत नाही.

आधी तारखांचा हिशेब पाहू, कारण गावातलं वेळापत्रक पुस्तकातल्यासारखं सरळ चालत नाही. जन्मानंतर दवाखान्यातच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि 24 तासांच्या आत काविळ-ब ची लस मिळते. त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवडे अशा तीन पायऱ्या, मग नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिने आणि पुढे पाचव्या वर्षानंतरचा बूस्टर. आता उदाहरणासाठी 3 जून 2025 ला जन्मलेली एक मुलगी घेऊ आणि तिच्या गावात लसीकरण दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी असतं असं धरू. 9 जुलैच्या बुधवारी ती 36 दिवसांची होती. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस, त्यामुळे सिस्टरने तिला परत पाठवलं. आईला वाटलं, सहा दिवसांनी काय बिघडतं? पण सहा आठवडे पूर्ण होण्याआधी दिलेला डोस हिशेबात धरला जात नाही, त्यामुळे परत पाठवणंच बरोबर होतं. मुलीचा पहिला डोस 13 ऑगस्टला आला, म्हणजे तिच्या वयाच्या 71 व्या दिवशी.

पुढचा डोस किमान 28 दिवसांनी. 10 सप्टेंबरला बरोबर 28 दिवस भरतात. त्यानंतर 28 दिवसांनी 8 ऑक्टोबर, तोही दुसराच बुधवार. म्हणजे तिन्ही डोस दिवाळीआधी पुरे होतात. इथे आशाताईने पत्रात एक ओळ मुद्दाम घातली आहे: ‘10 सप्टेंबरला पितृपक्ष चालू असेल. लसीला पितृपक्ष लागत नाही, त्या दिवशी नक्की यावं.’ ही ओळ वाचून कुणाला ती अनाठायी वाटेल. पण सप्टेंबरचा बुधवार हुकला तर दुसरा डोस 8 ऑक्टोबरला जातो आणि तिसरा 12 नोव्हेंबरला. तोवर मुकादमाची उचल घेतलेल्या घराने कोयता उचललेला असतो आणि बाळ कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्या तरी फडावर कोपीत असतं. एक बुधवार चुकला की तिसरा डोस गावातून निसटतो तो असा.

निसटला तरी तो बुडत नाही, हेही पत्रात हवं आणि आहे. ‘डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. कार्ड घेऊन कुठल्याही सरकारी दवाखान्यात, उपकेंद्रात, फडाजवळच्या गावात गेलात तरी लस मिळेल आणि पैसे लागणार नाहीत.’ कार्ड हरवलं तर मात्र नव्या गावातल्या सिस्टरपुढे अडचण येते, आधी काय दिलंय ते तिला कसं कळणार? म्हणून कार्डाचा फोटो बापाच्या मोबाईलमध्ये असावा, असं आशाताई भेटेल तिथे सांगते. मीही तेच सांगेन. कोपीत पाणी शिरतं, बैलगाडी उलटते, पत्र्याच्या पेटीत उंदीर शिरतो, आणि कार्ड कागदाचंच असतं.

एक गोष्ट मात्र उशीर सहन करत नाही. रोटाव्हायरसच्या जुलाबाविरुद्धची लस पहिल्या वाढदिवसाच्या आत सुरू झाली नाही तर नंतर सुरू करत नाहीत. बाकीच्या बहुतेक लसींचं मागे राहिलेलं पुढे भरून काढता येतं.

आता 13 ऑगस्टच्या दिवशी अंगणवाडीत नेमकं काय होतं ते पाहू. सिस्टर निळ्या डब्यातून लसी आणते. डब्यात बर्फाच्या चार पिशव्या असतात आणि त्या फ्रीजरमधून काढून थेट घातलेल्या नसतात. बाहेर ठेवून, घाम फुटून, हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येईपर्यंत थांबलेलं असतं. कारण पेंटाव्हॅलंट लस उन्हाइतकीच गारठण्याला घाबरते. एकदा गोठली की तिचा उपयोग गेला, शिवाय टोचल्यावर गाठही जास्त येऊ शकते. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहाव्यात एवढ्यासाठी हा खटाटोप असतो.

आपल्या मुलीला त्या दिवशी तोंडातून दोन गोष्टी मिळतात, पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसची लस. सुया तीन. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकल आणि उजव्या दंडावर कातडीतच देतात ती पोलिओची छोटी सुई, जिचा अगदी लहान फुगवटा क्षणभर दिसतो. पेंटाव्हॅलंट या एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, काविळ-ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर अशी पाचांची तरतूद असते. एका दिवशी तीन सुया पाहून आईच्या पोटात कालवतं हे खरं आहे. पण त्या वेगवेगळ्या दिवशी द्यायच्या म्हटलं तर तेवढ्या मजुऱ्या बुडतात, तेवढ्या खेपा होतात आणि मधल्या काळात बाळ उघडं राहतं. बाळाच्या शरीराला तिन्ही एकदम पेलतात.

सुई मांडीत का, कुल्ल्यावर का नाही, असं आजीबाई हमखास विचारतात. एवढ्या लहान बाळाच्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला स्नायू चांगला असतो. कुल्ल्यात मात्र चरबी जास्त आणि आतून मोठी नस गेलेली. म्हणून मांडी.

यानंतर आशाताईच्या पत्रातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा परिच्छेद येतो: ‘मांडीतली सुई दिल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा रात्री बाळाला ताप येऊ शकतो. मांडी लाल होते, दुखते, तिथे गाठ येते. बाळ रडतं, किरकिर करतं, नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी झोपतं. हे एक ते दोन दिवसांत आपोआप जातं. गाठ थोडे दिवस जास्त राहिली आणि दुखत नसेल तर घाबरू नये. ताप आलाच नाही तरी लस लागू झाली असं समजावं.’

शेवटचं वाक्य विसरू नये, कारण काही घरांत उलटी समजूतही असते. ताप आला तरच सुई लागली, ताप नाही म्हणजे औषध पाणचट होतं, असं म्हणणारे लोक भेटतात. ताप काही बाळांना येतो, काहींना येत नाही आणि संरक्षण दोघांनाही मिळतं.

ताप त्याच रात्री का येतो? पेंटाव्हॅलंटमधला डांग्या खोकल्याचा भाग म्हणजे मारून टाकलेला अख्खा जंतू. तो मेलेला असल्यामुळे शरीरात वाढत नाही, आजार देत नाही. पण त्याच्या सगळ्या अंगांची ओळख शरीराला एकदम होते आणि काही तासांतच प्रतिकाराची धावपळ सुरू होते. ताप म्हणजे त्या धावपळीची ऊब. मारलेला जंतू पुढे वाढणार नसतो, म्हणून दोन दिवसांत सगळं शांत होतं. खासगी दवाखान्यांत ‘न दुखणारी’ म्हणून जी लस मिळते तिच्यात अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक तुकडे असतात. तिचा ताप कमी असतो हे खरं, पण डांग्या खोकल्यापासूनचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं. सरकारी लस स्वस्तातली म्हणून तापवते, असा जो समज पसरलाय त्याचं उत्तर एवढंच आहे.

तापाच्या रात्री काय करायचं? अंगावरची गोधडी काढायची. आपल्याकडे तापलेल्या बाळाला आणखी गुंडाळतात, कानटोपी घालतात, त्याने अंगातली उष्णता बाहेर जायची वाट बंद होते. एक सुती झबलं पुरे. अंगावर पुन्हा पुन्हा पाजायचं, कारण तापात पाणी कमी होतं. मांडीवर स्वच्छ गार पाण्यात भिजवून पिळलेली घडी ठेवायची. हळद, चुना, तेल, बाम, गरम वाळूचा शेक यांतलं काहीही तिथे लावायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही.

आणि पॅरासिटामॉल. इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण एक गफलत फार सहज होते. लहान बाळाचं पॅरासिटामॉल दोन रूपांत मिळतं. ड्रॉपरवाली छोटी बाटली असते, तिच्या 1 मिलिलिटरमध्ये साधारण 100 मिलिग्रॅम औषध असतं. मोठ्या बाटलीतल्या नेहमीच्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये फक्त 25. दोघांत चौपट फरक. आपल्या मुलीचं वजन 13 ऑगस्टला 5 किलो भरलं असं धरू. एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम या हिशेबाने तिला 50 ते 75 मिलिग्रॅम लागतं. ड्रॉपरच्या औषधातून ते अर्धा ते पाऊण मिलिलिटर होतं, सिरपमधून 2 ते 3 मिलिलिटर. शेजारणीने सिरपचा आकडा सांगितला आणि घरात बाटली ड्रॉपरची असली तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाईल. म्हणून सिस्टरकडून निघण्याआधी बाळाचं वजन करून घ्यावं आणि कुठल्या बाटलीतलं किती द्यायचं ते तिच्याकडूनच कार्डावर लिहून घ्यावं. दोन वेळांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्यावेत आणि दिवस-रात्र मिळून चारपेक्षा जास्त वेळा देऊ नये. लस घेण्याआधीच ‘ताप येऊ नये म्हणून’ द्यायची गरज नाही. मोठ्या माणसाची गोळी चुरडून देणं तर नकोच, आणि अ‍ॅस्पिरिन लहान मुलाला कधीच नको.

पत्रातल्या तिसऱ्या भागाची लांबी कमी आहे, पण तो ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. बाळ तीन तासांपेक्षा जास्त वेळ न थांबता रडत राहिलं, ताप 102 च्या वर गेला किंवा दोन दिवसांनंतरही उतरला नाही, झटका आला, बाळ एकदम ढिलं आणि पांढरंफटक पडलं, दूध ओढेनासं झालं, सुईच्या जागेची सूज गुडघ्यापर्यंत पसरली किंवा तिथे पू झाला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि वाटेत आशाताईला फोन करायचा. अर्धा तास अंगणवाडीत थांबायला लावतात ते वेगळ्याच कारणासाठी. दहा लाखांत एखाद्या डोसला अशी तीव्र अ‍ॅलर्जी होते की श्वास अडकतो, अंगावर गांधी उठतात, नाडी क्षीण होते. ती बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच होते आणि तिच्यावरचं इंजेक्शन सिस्टरच्या पेटीत तयार असतं. बाळ घरी निघून गेलेलं असेल तर त्या इंजेक्शनचा काही उपयोग नाही.

आणखी एक प्रश्न दर सत्राला येतो: बाळाला सर्दी आहे, आज सुई नको ना? साधी सर्दी, थोडा खोकला, दोन-तीन पातळ शी, अंग किंचित कोमट, यांपैकी कशासाठीही लस थांबवत नाहीत. बाळ इतकं आजारी असेल की दवाखान्यात भरती करावं लागेल, तरच पुढे ढकलतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळालाही जन्मतारखेपासून मोजून त्याच वयात लसी द्यायच्या असतात.

आतापर्यंतचा ताप त्याच रात्रीचा होता. पण सगळ्या लसींची वेळ एक नसते आणि पालकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. बीसीजी घ्या. डाव्या दंडावर दिलेल्या जागी सुरुवातीला काहीच दिसत नाही. दोन ते सहा आठवड्यांनी तिथे पुळी येते, ती पिकते, फुटते, खपली धरते आणि पुढच्या काही आठवड्यांत वाळून लहानसा व्रण राहतो. आपल्या मुलीच्या दंडावर जुलैच्या मध्यात पुळी आली असणार आणि 13 ऑगस्टला तिथे सुकत आलेली खपली असणार. तिच्यावर मलम नाही, पट्टी नाही, फोडायची नाही, अंघोळीला नेहमीसारखं पाणी घालायचं. कधी काखेत बारीक गाठ हाताला लागते, तीही जाते. ती मोठी होऊ लागली किंवा मऊ पडून पू धरू लागली तर दाखवावी. व्रण उमटलाच नाही तरी बीसीजी पुन्हा द्यावी लागत नाही.

गोवर-रुबेलाची वेळ आणखी वेगळी. आपली मुलगी 3 मार्च 2026 ला नऊ महिन्यांची होते. लसीचा बुधवार 11 मार्चचा. या लसीत मेलेला जंतू नसतो, जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो अंगात थोडा वाढतो, तेव्हाच शरीर त्याला ओळखून सज्ज होतं. वाढायला आठवडाभर जातो, म्हणून ताप त्या रात्री नाही, पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो. काही बाळांच्या अंगावर बारीक लालसर पुरळही उठतं. आपल्या हिशेबात ते दिवस 16 ते 23 मार्चचे. 19 मार्चला गुढीपाडवा. पाडव्याच्या सुमारास अनेक टोळ्या कारखान्याकडून परत येतात. ट्रकच्या वाटेवर किंवा घरी पोचल्याच्या दिवशी बाळ तापलं, अंगावर पुरळ दिसलं, तर उन्हाचा, प्रवासाचा, कुणाच्या नजरेचा, अंगातल्या देवीचा विचार होईल, आठवड्यापूर्वीच्या लसीचा होणार नाही. दोन-एक दिवसांत ते जातं, दुसऱ्या मुलाला लागत नाही, आणि पॅरासिटामॉलचा वर सांगितलेलाच हिशेब इथेही चालतो, मात्र मार्चमधल्या नव्या वजनावर. पुरळाबरोबर ताप जास्त चढला, डोळे लाल झाले, खोकला लागला, बाळ मलूल झालं, तर डॉक्टरांनी पाहिलं पाहिजे, कारण लस लागू होण्याआधीच खऱ्या गोवराची लागण झालेली असू शकते. 2022 च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात आणि पुढे मालेगाव-भिवंडीत गोवराने लहान मुलं दगावली होती, त्यांतल्या कितीतरी मुलांना लस मिळालेलीच नव्हती.

गोवर-रुबेलाची कुपी पूड असते, ती सत्राच्या जागीच द्रावणात विरघळवतात आणि चार तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यायची असते, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नसते. विरघळवल्याची वेळ कुपीवर लिहिलेली असते. ती पाहायला पालकांनी जरूर मागावी, चांगली सिस्टर त्याने रागावत नाही. नऊ महिन्यांच्याच भेटीत डाव्या दंडावर पोलिओची तिसरी छोटी सुई, न्यूमोकोकलचा बूस्टर आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस चमच्याने मिळतो.

आपली मुलगी 3 ऑक्टोबर 2026 ला सोळा महिन्यांची होईल आणि त्यानंतरचा दुसरा बुधवार 14 ऑक्टोबरचा, म्हणजे टोळ्या निघण्याआधीचा. त्या दिवशी मांडीत डीपीटीचा बूस्टर, दंडावर गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पोलिओचे थेंब. बूस्टरने मांडी पहिल्या डोसांपेक्षा जास्त सुजू शकते, पोर एक दिवस लंगडतही चालेल. त्या रात्रीचा ताप डीपीटीचा समजायचा. 19 ते 26 ऑक्टोबरच्या दरम्यान पुन्हा आला तर तो गोवर-रुबेलाचा असू शकतो, जरी दुसऱ्या डोसला तो कमी जणांना येतो. आशाताईने या दोन्ही वेळा कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने लिहून दिलेल्या बऱ्या, म्हणजे कोपीत कार्ड उघडणाऱ्या बापालाही त्या वाचता येतील.